पिशवीच्या पाटीवरची एक ओळ

‘शुद्ध कॉटन, १४ बाय १६, १५० जीएसएम. ५०० नगांपासून ३८ रुपये.’ कापडी पिशव्या विकणाऱ्या दुकानांच्या पाटीवर, जाहिरातीच्या फोटोखाली किंवा मोबाइलवर आलेल्या दरपत्रकात साधारण अशी एक ओळ असते. लग्नात आहेराबरोबर द्यायला, हळदीकुंकवाच्या वाणासाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी किंवा स्वतःच्या किराणा दुकानात ठेवायला पिशव्या हव्या असतात, तेव्हा बहुतेक जण या ओळीतला शेवटचा आकडा तेवढा वाचतात. खरं तर पिशवी दोन वर्षं टिकेल की दोन महिन्यांत बंद तुटून माळ्यावर जाईल, हे त्याआधीच्या तीन गोष्टींवर ठरतं. त्या गोष्टी वाचता आल्या, की ३८ रुपये महाग आहेत की स्वस्त, हेही आपलं आपल्याला सांगता येतं.

कापडापासून सुरुवात करू. पिशव्यांसाठी आपल्याकडे सर्वांत जास्त चालतं ते मांजरपाट. सुती धाग्याचं, साध्या विणीचं, न धुतलेलं आणि न रंगवलेलं कोरं कापड. बाजारात याच जातीच्या कापडाला ‘ग्रे’ म्हणतात, पण रंग करडा नसतो, मळकट सायीसारखा असतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या यंत्रमागांवर असं कापड निघतं आणि ताक्यांनी विकलं जातं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, तेव्हापासून या गावाचं पोट सुतावर चालत आलं आहे. मांजरपाटाचा तुकडा उजेडात धरून नीट पाहिला, तर त्यात बारीक तपकिरी ठिपके दिसतात. हे सरकीच्या टरफलाचे कण. कापड ब्लीच केलं की ते जातात. काही गिऱ्हाइकं ते डाग समजून पिशव्या परत करतात. वास्तविक कापडावर रसायनांची प्रक्रिया झालेली नाही याची ती सहज दिसणारी खूण आहे. कापड पांढरंशुभ्र हवं असेल तर धुलाईचे पैसे वेगळे पडतात आणि पाणीही भरपूर लागतं. भाजीच्या पिशवीला त्याची काही गरज नाही.

मांजरपाटाहून जाड कापड हवं असेल तर कॅनव्हास घेतात. पुस्तकं, लॅपटॉप किंवा रोजचा जड किराणा यांसाठी तो उत्तम, पण घरच्या साध्या शिलाई मशीनवर त्याचे चार पदर एकदम शिवता येत नाहीत, सुई मोडते. त्यामुळे शिलाईचा दरही चढतो. तागाची पिशवी मजबूत आणि दिसायला देखणी असते, मात्र ती धुता येत नाही म्हटलं तरी चालेल. भिजली की लवकर वाळत नाही, कुबट वास धरते आणि आकार सोडते. म्हणूनच तागाच्या पिशव्यांना आतून पुष्कळदा प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आत हात घालून पाहिलं की तो लगेच कळतो.

आता ‘शुद्ध कॉटन’ हे शब्द. कापसात पॉलिएस्टर मिसळलेलं कापड दिसायला अगदी सारखं असतं आणि स्वस्त पडतं. ओळखायचं असेल तर पिशवीच्या आतल्या शिवणीतून कापडाचा एक धागा ओढून काढा, शिलाईचा दोरा नको. तो चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे उरते ती बोटांत चुरगळणारी करडी राख. पॉलिएस्टर असेल तर धागा आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा, टणक मणी उरतो. मिश्र कापडात राखेबरोबर असे कडक कण लागतात. शिलाईचा दोरा मात्र बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरचाच असतो, कारण सुती दोरा वेगाने चालणाऱ्या मशीनवर तुटतो आणि ओझ्यालाही कमी पडतो. त्यात फसवणूक नाही.

फसवणूक असते ती ‘कापडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नॉन-वोव्हन पिशवीत. साडीच्या आणि मिठाईच्या दुकानांतून मिळणारी, रंगीत, मऊसर, अंगावर बारीक बारीक ठसे असलेली ती पिशवी. ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून त्याचे केसासारखे तंतू काढतात, ते एकावर एक अस्ताव्यस्त पसरतात आणि गरम रुळाखालून दाबून चिकटवतात. अंगावरचे ठसे त्या रुळाचेच असतात. उजेडात धरली तर उभे-आडवे धागे दिसत नाहीत, कापसाच्या पेळूसारखा गोंधळ दिसतो. उन्हात काही महिने राहिली की या पिशवीची तुसं आणि भुगा होऊ लागतो, आणि तो भुगा प्लास्टिकचाच असतो. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत अशा पिशव्यांचाही समावेश होता. केंद्राच्या २०२१च्या नियमांनी ६० जीएसएमपेक्षा पातळ नॉन-वोव्हन पिशवीवर बंदी घातली. नियम काहीही सांगोत, ही पिशवी प्लास्टिकची आहे आणि पाटीवर ती ‘कापडी’ म्हणून लिहिणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. १०० ते १२०चं कापड पातळ, औषधाच्या दुकानातल्या छोट्या पिशवीला किंवा प्रसादाच्या पुडीला ठीक. १४० ते १६० हे रोजच्या बाजारासाठी बेताचं. २००च्या पुढे गेलं की पिशवी उभी राहायला लागते, आणि कॅनव्हास साधारण २७० ते ३५०च्या घरात असतो. मात्र हा आकडा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त लबाडी इथेच चालते. १५० सांगून ११०चं कापड देणं अगदी सोपं आहे, कारण कोऱ्या कापडाला खळ असते. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना ही खळ देतात. तिने कापड कडक आणि भरीव लागतं. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि मग हातात चिंधी उरते.

ही लबाडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पकडता येते. १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच साध्या पिशवीला किती कापड लागतं ते पाहू. खालून एकसंध दुमडलेली पिशवी असेल तर १५ इंच रुंद आणि ३५ इंच लांब तुकडा लागतो. रुंदीतला जास्तीचा एक इंच दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी आणि लांबीतले तीन इंच वरच्या तोंडाच्या दुमडीसाठी. शिवाय २२ इंच लांब आणि ३ इंच रुंद अशा दोन पट्ट्या बंदांसाठी. सगळं मिळून साधारण ०.४२ चौरस मीटर कापड. १५० जीएसएमने त्याचं वजन ६३ ग्रॅमच्या आसपास भरतं. आता दुकानदाराने दिलेला नमुना धुवा, कडकडीत वाळवा आणि काट्यावर ठेवा. ५६ ते ६५ ग्रॅम भरला तर बोलणं खरं, कारण खळ गेल्यावर थोडं वजन उतरणारच. ४५ ग्रॅमच भरला तर कापड १०५-११०चं आहे, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

धुतलेला नमुना पट्टीने मोजायलाही विसरू नये. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं, आणि लांबीत पाच ते आठ टक्के आटणं नवलाचं नाही. म्हणजे १६ इंचांची पिशवी १५ इंचांची होऊ शकते. पिशवीत वहीची किंवा डब्याची ठरावीक मापाची वस्तू जाणार असेल तर हे आधीच धरून माप सांगावं लागतं. चांगला शिवणारा विचारतोच, ‘धुऊन माप धरू की कोरं?’ जो हे विचारत नाही, त्याला आपण विचारावं.

मापांचं म्हणाल तर पाटीवर रुंदी आधी आणि उंची नंतर लिहायची पद्धत आहे, पण ती सगळे पाळतात असं नाही. फोनवर ऑर्डर देताना ‘तोंड चौदा, खोली सोळा’ असं सांगितलं की घोळ होत नाही. ८ बाय १० ची पिशवी औषधं, प्रसाद, वाण यांसाठी. १० बाय १२ मध्ये एखादं पुस्तक किंवा मिठाईचा खोका बसतो. १४ बाय १६ ही घरातली भाजीची पिशवी, चार-पाच किलो आरामात. महिन्याच्या किराण्याला १६ बाय १८ आणि तळाला चार इंचांचा पट्टा असलेली घ्यावी. तळ नसलेल्या सपाट पिशवीत डबे आणि बाटल्या आडव्या पडतात, आणि पिशवी मोठी असूनही माल कमी बसतो. त्याहून मोठी पिशवी शिवून घेण्यात अर्थ नाही. भरली की माणसाला उचलवत नाही आणि मग तुटतो तो बंदच.

पिशवीचं कापड सहसा फाटत नाही, तिचा बंद उचकटतो. आमच्याकडच्या एका बचत गटाच्या शिलाई केंद्रात बेतकाम करणाऱ्या ताईंनी मला दोन पिशव्या उलट्या करून दाखवल्या होत्या. पहिलीत बंदाचं टोक वरच्या दुमडीत नुसतं खुपसून एका सरळ शिवणीत धरलेलं होतं. दुसरीत तेच टोक दुमडीच्या खाली दीड इंच आत उतरवून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण घातलेली होती. ‘हिला मशीनखाली चार वेळा फिरवावं लागतं, म्हणून दीड रुपया जास्त सांगतो आम्ही. लोक तिथेच घासाघीस करतात,’ त्या म्हणाल्या. त्यांनी पहिल्या पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरून जोरात झटका दिला. कापडाला काहीच झालं नाही, पण शिवण टपटप उसवत गेली. ओझं पडतं ते बंद आणि तोंड जिथे मिळतात त्या चार बिंदूंवर. सरळ शिवणीत ते एकाच रेघेवर येतं, चौकोन-फुलीत पसरतं. टाके पाहायचे तर एका इंचात आठ ते दहा असावेत. पाच-सहाच असतील तर शिवणाऱ्याने नग भराभर उरकले आहेत. आतल्या कडांना ओव्हरलॉक हवा किंवा शिवण दोनदा उलटून कडा आत गेलेल्या हव्यात, नाहीतर धुता धुता धागे सुटतात आणि सहा महिन्यांत बाजूची शिवणच उरत नाही.

घाऊक ऑर्डर देण्याआधी एक नमुना मागून घ्यावा, त्यात सात-आठ किलो तांदूळ किंवा विटा भराव्यात आणि रात्रभर खुंटीला टांगून ठेवावा. सकाळी बंदाजवळचे टाके ताणून भोकं पडली असतील, तर पाचशे पिशव्यांचं काय होणार ते कळलंच.

आता भाव. मघाची ३८ रुपयांची ओळ घेऊन पाचशे पिशव्यांचा हिशेब मांडू. दर गावागणिक आणि सुताच्या बाजाराप्रमाणे हलतात, तेव्हा खालचे आकडे हिशेबाची रीत समजण्यापुरते धरावेत.

कापड येतं ताक्यात आणि ताक्याला पन्हा असतो, म्हणजे रुंदी. समजा ६३ इंच पन्ह्याचं मांजरपाट घेतलं. १५ इंचांचे चार तुकडे शेजारी शेजारी बसले की ६० इंच होतात आणि कडेला तीन इंच उरतात. बंदाची पट्टीही तीन इंचांचीच आहे! चांगला बेतणारा ती कडेची पट्टी आधीच लांबच लांब कापून बाजूला ठेवतो, तिच्यातून दोनशेच्या आसपास बंद निघतात. बाकीचे आठशे बंद सलग कापडातून काढायचे. असं सगळं धरून पाचशे पिशव्यांना १३३ मीटर कापड लागतं. ताक्याची सुरुवात-शेवट, विणीतले दोष, कापताना होणारी चूक यांसाठी पाच टक्के वर धरले की १४० मीटर. ७० रुपये मीटरने ९,८०० रुपये झाले. शिलाई नगाला ७ रुपये धरली तर ३,५००. एका रंगाच्या छपाईसाठी स्क्रीन बनवायला एकदाच ६०० आणि पुढे नगाला ३ रुपये, म्हणजे २,१००. कापणं, दोरा, इस्त्री, गठ्ठे बांधणं यांचे नगामागे २ रुपये, ते १,०००. एकूण १६,४०० रुपये, म्हणजे नगाला ३२ रुपये ८० पैसे. त्यावर पंधरा टक्के दुकानदाराचे धरले की पावणेअडतीस. म्हणजे पाटीवरचे ३८ रुपये सरळ हिशेबाचे आहेत. जीएसटी आणि वाहतूक त्यात आहे की वेगळी, एवढं विचारून घ्यायचं.

याच पिशव्या पन्नासच हव्या असतील तर काय होईल? कापड ताक्याने न घेता किरकोळीत घ्यावं लागेल, समजा ८५ रुपये मीटर. १४ मीटरचे ११९० रुपये. स्क्रीनचे ६०० रुपये पन्नास पिशव्यांवरच पडतील, म्हणजे नुसत्या स्क्रीनचे नगामागे १२ रुपये. शिलाई करणारीलाही मशीन, दोरा आणि माप एकदा लावून पन्नासच नग मिळणार, ती थोडा जास्त दर मागणार, आणि ते रास्तही आहे. असं करत पिशवी ५५-५७ रुपयांवर जाते. इथे पैसे वाचवायचे असतील तर छपाई काढून टाकावी. तेवढ्या एका गोष्टीने पन्नास नगांचा भाव पाचशेच्या भावाच्या आसपास येतो.

उलट पाच हजार घेतल्या तर भाव किती उतरेल? लोकांना वाटतं निम्मा. तो उतरतो जेमतेम चार-पाच रुपये. कारण पाचशे नगांवरच स्क्रीनचा खर्च नगामागे सव्वा रुपयावर आलेला असतो, आणखी उतरायला त्यात जागा नसते. पुढे जे उरतं ते कापड आणि हात. कापड मीटरमागे तीन-चार रुपयांनी स्वस्त मिळेल, पण पिशवीला लागणारं कापड काही कमी होत नाही. एकट्या कापडाचेच साडेअठरा-एकोणीस रुपये होतात. म्हणून १५० जीएसएमची, याच मापाची, छापलेली पिशवी कुणी २२ रुपयांत देतो म्हणाला, तर आनंद मानू नये. एक तर कापड १५०चं नाही, किंवा ते सुती नाही, किंवा शिवणाऱ्या बाईला नगामागे दोन रुपये मिळणार आहेत. तिसरी शक्यता वजनकाट्यावर कळत नाही, म्हणून ती तोंडाने विचारावी.

मापाचा परिणामही या हिशेबात दिसतो. रुंदी चौदाऐवजी पंधरा सांगितली, तर तुकडा १६ इंचांचा होतो आणि ६३च्या पन्ह्यात चारऐवजी तीनच बसतात. उरलेल्या १५ इंचांतून सगळे बंद निघतात हे खरं, तरीही पाचशे पिशव्यांना १५ मीटरहून जास्त कापड वाढीव लागतं. एका इंचासाठी हजार-अकराशे रुपये. म्हणून माप मनाने ठरवण्याआधी ‘तुमच्या पन्ह्यात कुठलं माप चांगलं बसतं?’ असं विचारावं. अर्धा-एक इंच इकडेतिकडे केल्याने वापरणाऱ्याला काही फरक पडत नाही आणि कातरीखालची चिंधी वाचते.

छपाईबद्दल थोडं. पिशवीच्या पोटभर पसरलेला, बोटाला रबरासारखा लागणारा छाप टाळावा. तो प्लास्टिकच्या शाईचा असतो, त्याखालून हवा खेळत नाही आणि धुतल्यावर त्याच्या खपल्या निघतात. पाण्यात कालवलेल्या रंगाचा छाप कापडात मुरतो, हाताला जवळजवळ लागत नाही. शिवाय मोठा छाप म्हणजे मोठी जाहिरात, आणि दुसऱ्याच्या लग्नाची तारीख छापलेली पिशवी घेऊन मंडईत जायला माणसं कचरतात. नाव हवंच असेल तर कोपऱ्यात, तळहाताएवढं पुरे. छपाईत वाचलेले दोन-तीन रुपये बंदाच्या शिवणीवर घालावेत, असं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते.

हे सांगण्यामागे कारण आहे. प्लास्टिकच्या पिशवीला पर्याय म्हणून आपण कापडाकडे येतो, पण कापूस पिकवायला पाणी, खत, औषधं लागतात, सूत काढायला आणि विणायला वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. नुसता हवामानावरचा परिणाम पाहिला, तर सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी होते, असं त्यात निघालं. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हाच आकडा १३१ दिला होता. डॅनिश अभ्यासातला ७,१०० वेळांचा आकडा गाजला, तो सगळे परिणाम एकत्र धरून, त्यातही ओझोनवरच्या परिणामाने फुगलेला होता. आणि या अभ्यासांत मुख्यतः कारखान्याच्या आणि शेताच्या बाजूचा हिशेब आहे. गटारात अडकलेली, गाईच्या पोटातून काढलेली किंवा भरतीबरोबर किनाऱ्यावर परत आलेली पिशवी त्यात मोजलेली नाही. आपल्याकडे त्रास मुख्यतः तिचाच आहे.

तरीही १३१ हा आकडा मला उपयोगाचा वाटतो. आठवड्यातून दोनदा बाजाराला नेली, तर हा पल्ला गाठायला सव्वा वर्ष लागतं. याचा अर्थ पिशवी निदान दोन वर्षं टिकलीच पाहिजे. बंद तिसऱ्या महिन्यात तुटणारी २२ रुपयांची सुती पिशवी खिशालाही महाग आणि पर्यावरणालाही. तसंच, प्रत्येक समारंभात वाटलेल्या पिशव्यांची घरात चळत लागली असेल, तर त्यातली एकही सव्वा वर्ष वापरली जात नाही. अशा घरात वाण म्हणून आणखी एक पिशवी देण्यापेक्षा दुसरं काहीही द्यावं. जुन्या साडीची, सतरंजीची, विटलेल्या चादरीची पिशवी या हिशेबात सगळ्यांच्या पुढे आहे, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागतच नाही. घाऊक ऑर्डर घेणारे बचत गट आता गोळा केलेल्या साड्यांच्याही पिशव्या शिवतात. मात्र त्यात प्रत्येक नग वेगळा येतो, जीएसएम सांगता येत नाही, आणि जीर्ण साडी ओझ्याला फाटते म्हणून ती दुहेरी करून शिवून मागावी.

सगळ्याच प्लास्टिकची जागा कापड घेऊ शकत नाही. मासळी, मटण, दही, चिरलेलं फळ यांना कापडी पिशवीचा उपयोग नाही, तिथे घरून डबा न्यावा आणि डबा पिशवीत ठेवावा. डाळ, तांदूळ, साखर सुट्टी घेत असाल तर मलमलीच्या दोरी ओढायच्या छोट्या थैल्या चांगल्या, पण रवा आणि पीठ त्यांच्या विणीतून गळतं. त्याला निदान १२० जीएसएमचं दाट कापड लागतं. पालेभाजीला मात्र ओलसर सुती पिशवी प्लास्टिकहून कितीतरी बरी, तिच्यात घाम धरत नाही आणि कोथिंबीर काळी पडत नाही. कागदी पिशवी कोरड्या, हलक्या वस्तूंना ठीक, पावसाळ्यात ती घरापर्यंत पोचत नाही. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पातळ हिरव्या पिशव्यांवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. तो असला तरी त्या पिशव्या कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली ऊब लागते. अंगणातल्या खड्ड्यात त्या लवकर कुजत नाहीत आणि रस्त्यावर टाकल्या तर प्लास्टिकसारख्याच पडून राहतात.

बंदीचं म्हणाल तर महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८पासून बंदी आहे, तिची कारवाई त्या वर्षी २३ जूनपासून सुरू झाली. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद अशी तरतूद आहे. म्हणजे किराणा दुकानदाराचा पहिला दंड हा मघाच्या हिशेबाने एकशेतीस चांगल्या पिशव्यांचा भाव झाला. काही दुकानदार आता अशा पिशव्या लागत किमतीला विकतात आणि परत आणून दिली की पैसे परत करतात. ही पद्धत चालायची असेल तर पिशवी परत यावी इतकी चांगली आणि गिऱ्हाइकाला फुकट वाटू नये इतक्या किमतीची असावी लागते. पाच-दहा रुपयांच्या पातळ पिशवीसाठी कुणी परत येत नाही, चाळिशीच्या पिशवीसाठी येतं.

पिशवी घरी आल्यावर पहिल्यांदा गार पाण्यात एकटीच धुवावी, खळ आणि पिवळसर पाणी निघून जातं. मासळीचा डबा सांडला किंवा कांद्याबटाट्याची माती लागली, की लगेच धुवावी, साठवून ठेवू नये, नाहीतर दमट हवेत काळे ठिपके धरतात आणि ते मग निघत नाहीत. उलटी करून उन्हात वाळवावी, कारण ओल राहते ती तळाच्या कोपऱ्यांत. बंदाजवळचा एक टाका उसवलेला दिसला, तर त्याच दिवशी सुईदोऱ्याने घालावा. एक टाका सुटला की पुढच्या दोन बाजारांत अख्खी चौकट सुटते.